खोडदची दुर्बीण मध्येच थांबवली, तर पुढे कुठून सुरू करायचं?

एखादं स्वयंचलित काम मधेच थांबवून पुन्हा सुरू करायचं, म्हणजे आपण कुठल्या पायरीवर होतो ते लक्षात ठेवायचं आणि तिथूनच पुढे जायचं, असं आपण गृहीत धरतो. वॉशिंग मशीन तसंच करतं, थ्रीडी प्रिंटरही तसंच करतो. तुम्ही संशोधनात येणार असाल तर तासन्‌तास चालणारे असे सिक्वेन्स तुमच्याही वाट्याला येतील. म्हणून आज एका यंत्राचा इतिहास या एकाच प्रश्नाच्या अंगाने सांगतो. यंत्र आहे जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. नारायणगावहून खोडदकडे जाताना शेतांच्या मध्ये ज्या प्रचंड जाळीदार तबकड्या दिसतात, त्या हिच्याच. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ अँटेना मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारात तीन बाजूंना पसरलेल्या. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर.

पण गोष्ट सुरू होते उटीला.

गोविंद स्वरूप यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा केला. आधी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्यांची दुर्बीण चालू झाली, ती सूर्य बघायची. मग १९७० मध्ये उटीची दुर्बीण आली: ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, एका डोंगरउतारावर बसवलेली. उतार मुद्दाम निवडलेला होता. उटीचं अक्षांश सुमारे ११ अंश आणि उतारही तेवढाच, त्यामुळे दुर्बिणीचा लांब आस पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. पृथ्वी जेवढी फिरते तेवढंच उलट्या दिशेने दुर्बिणीला फिरवलं की तारा दृष्टीत राहतो. फिरण्याचा वेग ठरलेला, तासाला साधारण १५ अंश. असा पाठलाग साडेनऊ तास करता येतो.

आता आपला प्रश्न इथे विचारा. वीस मिनिटं वीज गेली, मोटर थांबली. वीज आल्यावर कुठे जायचं? उत्तर सोपं आहे: थांबली होती त्या कोनात वीस मिनिटांचे ५ अंश मिळवा. पायरी म्हणजे आसावरचा एक कोन आणि घड्याळ पाहिलं की तो कोन कळतो. हिशेब कागदावरही होतो. जुन्या काळच्या दृश्य दुर्बिणींना घड्याळाची यंत्रणाच जोडलेली असायची, तीही याच जातीची.

खोडदला हे सोपं उत्तर चाललं नाही. ४५ मीटरची तबकडी तिरक्या आसावर तोलून धरणं महाग पडतं. म्हणून तिला दोन साधे आस दिले, एक क्षितिजाला समांतर फिरवणारा दिगंशाचा आणि दुसरा वर-खाली करणारा उन्नतांशाचा. बांधणी स्वस्त झाली, पण पाठलाग अवघड झाला. आता तारा बघताना दोन्ही कोन प्रत्येक क्षणी बदलतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या, सतत बदलणाऱ्या वेगाने. तारा डोक्यावरून जाताना दिगंश इतका भराभर बदलतो की यंत्राला पुरं पडत नाही. कोन कागदावर धरून ठेवण्यात अर्थ उरला नाही, तो दर क्षणी संगणकानेच काढायला हवा. म्हणजे उटीत जी पायरी आसावर वाचता येत होती, ती इथे एका फाईलमध्ये गेली.

ती फाईल म्हणजे निरीक्षणाची कमांड फाईल. तिचं वळण सगळ्या रेडिओ दुर्बिणींना ओळखीचं आहे. आधी ज्याची तेजस्विता नीट माहीत आहे असा स्रोत बघायचा, उदाहरणार्थ ३सी४८ किंवा ३सी२८६. हा फ्लक्स कॅलिब्रेटर. मग आपल्या लक्ष्याच्या जवळचा एक ठळक बिंदूस्रोत पाच-एक मिनिटं बघायचा, तो फेज कॅलिब्रेटर. मग लक्ष्य अर्धा तास. पुन्हा फेज कॅलिब्रेटर, पुन्हा लक्ष्य, अशा फेऱ्या. शेवटी परत फ्लक्स कॅलिब्रेटर.

फेज कॅलिब्रेटर मधेमधे का लागतो, हे समजलं तर पुढचं सगळं समजेल. तीस अँटेनांच्या सिग्नलची तुलना करून प्रतिमा बनते. प्रत्येक सिग्नल इलेक्ट्रॉनिक्समधून आणि आयनोस्फियरमधून येताना थोडा पुढेमागे सरकतो, आणि हे सरकणं वेळेनुसार बदलतं. आधीच्या आणि नंतरच्या कॅलिब्रेटरवरून मधल्या अर्ध्या तासातलं सरकणं अंदाजाने काढतात. दोन्ही बाजूंना मोजणी असेल तरच हा अंदाज भरवशाचा.

आता 'थांबणं' म्हणजे नेमकं काय ते बघू. इथे एक मजा आहे. समजा नियंत्रण कक्षात रिसीव्हरची एखादी सेटिंग तपासायची आहे आणि ऑपरेटरने सिक्वेन्स तीन मिनिटं थांबवला. या तीन मिनिटांत अँटेना थांबली पाहिजे का? अजिबात नाही. आकाश मिनिटाला सुमारे १५ कलांनी सरकतं (६० कला म्हणजे एक अंश). १४०० मेगाहर्ट्‌झला एका अँटेनाच्या दृष्टीचा पट्टा साधारण २४ कलांचा असतो. म्हणजे अँटेना जागीच गोठली तर मध्यावरचा स्रोत ४८ सेकंदांत अर्ध्या संवेदनशीलतेच्या काठावर जातो. ३२५ मेगाहर्ट्‌झला पट्टा ८१ कलांचा, तिथे पावणेतीन मिनिटं मिळतात. तेव्हा अशा थांब्यात फाईलची पुढची ओळ थांबते, पाठलाग चालूच राहतो. अँटेनाला शांत उभं करणं हा थांबण्याचा वेगळाच प्रकार आहे.

या दोन प्रकारांना पक्की नावं मिळाली ती खगोलशास्त्रात नाही, रासायनिक कारखान्यांत. १९९५ मध्ये आयएसए-८८ नावाचं मानक आलं. बॅच पद्धतीने, म्हणजे एकेक घाणा करून माल बनवणाऱ्या कारखान्यांसाठी. त्यात 'पॉज' आणि 'होल्ड' या वेगळ्या अवस्था आहेत. पॉज म्हणजे नेहमीच्या चालीतच पुढच्या सोयीच्या टप्प्यावर थोडं थांबणं. परत निघण्याच्या आज्ञेला तिथे 'रिझ्यूम' म्हणतात आणि काम जिथे थांबलं तिथून तसंच पुढे जातं. होल्ड म्हणजे काहीतरी बिघडतंय म्हणून यंत्राला एका ठरलेल्या सुरक्षित अवस्थेत नेणं. त्यासाठी वेगळी क्रिया चालवावी लागते, आणि परत येण्यासाठीही वेगळी क्रिया लागते. तिला 'रीस्टार्ट' म्हणतात. भट्टीचं उदाहरण घ्या. होल्डमध्ये तुम्ही ज्वाला कमी केली, झडपा बंद केल्या. नंतर 'सतराव्या मिनिटापासून पुढे चला' एवढं सांगून भागत नाही, कारण मधल्या काळात द्रव थंड झालेला असतो. आधी तो पुन्हा त्या तापमानाला आणावा लागतो.

मला हा फरक फार उपयोगाचा वाटतो, कारण खोडदला तो वाऱ्यामुळे रोजच्या भाषेत येतो. जीएमआरटीच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. ताणलेल्या दोरांवर स्टीलच्या तारांची जाळी बसवलेली आहे, जाळीचे चौकोन १० ते २० मिलिमीटरचे. या रचनेमुळेच त्या हलक्या आहेत आणि वारा बराचसा आरपार जातो. तरीही निरीक्षणाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर वाऱ्याची. संरचना टिकण्यासाठी ती ताशी १३३ किलोमीटरपर्यंत धरलेली आहे, पण त्या वेळी तबकडी थेट आकाशाकडे तोंड करून, पार्क केलेली असायला हवी. वळवाच्या दिवसांत नारायणगाव-मंचर पट्ट्यात संध्याकाळी अचानक वावटळ उठते, हे इथल्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला विचारा. त्या वेळी पॉज उपयोगाचा नाही, होल्डच हवा.

एक कल्पित संध्याकाळ मांडतो. वेळा माझ्या सोयीच्या आहेत, यंत्राचे वेग आणि मर्यादा खऱ्या आहेत. (रेडिओ दुर्बिणीला रात्रीची वाट बघावी लागत नाही, म्हणून संध्याकाळ.)

आपलं लक्ष्य खगोलीय विषुववृत्तावर आहे आणि संध्याकाळी ६ वाजता ते सर्वांत उंचावर येतं. अँटेना उन्नतांश साधारण १७ अंशांच्या खाली जात नाही. खोडदचं अक्षांश १९ अंश धरून हिशेब केला, तर लक्ष्य १०:४७ ला या मर्यादेखाली जाईल. ११ वाजता दुसऱ्या गटाची वेळ सुरू होते. आपली फाईल अशी: ६ ते ६:१० फ्लक्स कॅलिब्रेटर. ६:१५ पासून ४० मिनिटांच्या सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत वळायला अडीच मिनिटं, फेज कॅलिब्रेटर ५ मिनिटं, परत वळायला अडीच मिनिटं, लक्ष्य ३० मिनिटं. सहावी फेरी १०:१५ ला संपते. लक्ष्यावरचा एकूण वेळ १८० मिनिटं, आणि मावळण्याआधी ३२ मिनिटं शिल्लक.

तिसऱ्या फेरीत ७:४५ ला लक्ष्य सुरू झालं. ७:५७ ला वारा मर्यादेबाहेर गेला. होल्ड. लक्ष्य तेव्हा ५५ अंशांवर होतं. उन्नतांशाचा वेग मिनिटाला २० अंश, त्यामुळे दोन मिनिटांच्या आत तबकड्या वर तोंड करून उभ्या राहतात. ८:४७ ला वारा पडला. आता?

पहिला प्रश्न, आपण काय जपून ठेवलंय. जर ७:५७ चा कोन जपला असेल तर तो टाकून द्या. पन्नास मिनिटांत लक्ष्य ५५ वरून ४५ अंशांवर उतरलंय, जुन्या कोनात तिथे रिकामं आकाश आहे. स्रोताचं नाव जपायचं, कोन नव्याने काढायचा. मी अशी नोंद ठेवली असती (ही माझी मांडणी आहे, दुर्बिणीच्या सॉफ्टवेअरची नाही):

```
round=3  step=target  done_min=12
held_at=19:57  reason=wind
last_phasecal=19:42  correlator_restarted=no
```

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. पायरीचा क्रमांक आणि झालेली मिनिटं कुठलाही प्रोग्रॅम जपेल. पण शेवटचा फेज कॅलिब्रेटर ७:४२ ला संपला, हे जपलं नसेल तर त्या बारा मिनिटांची किंमत काय ते ठरवता येत नाही.

आता तीन वाटा आहेत. ८:५० ला अँटेना परत खाली आल्या असं धरू.

पहिली वाट घड्याळाशी इमानदार. मूळ वेळापत्रकाप्रमाणे ८:५० ला चौथ्या फेरीचं लक्ष्य चालू असायला हवं, तेव्हा तिथेच उडी मारा. लक्ष्याची ५ मिनिटं मिळतात, मग पाचवी आणि सहावी फेरी ठरल्या वेळी. एकूण १३७ मिनिटं. पुढच्या गटाच्या वेळेला धक्का नाही, पण हाताशी असलेली ३२ मिनिटांची शिल्लक तशीच वाया गेली.

दुसरी वाट पायरीशी इमानदार, म्हणजे आपलं सुरुवातीचं गृहीतक. नुसतं तेराव्या मिनिटावर जाणं शहाणपणाचं नाही, कारण होल्डनंतर फेज कॅलिब्रेटर हवाच. तो ८:५५ पर्यंत. ८:५८ ला लक्ष्य, उरलेली १८ मिनिटं, ९:१६ ला तिसरी फेरी पूर्ण. चौथी ९:५६ ला, पाचवी १०:३६ ला संपते. सहावीत लक्ष्यावर पोचेपर्यंत १०:४६ होतात, लक्ष्य एका मिनिटात मावळतं. फाईलला हे माहीत नाही, ती आपली 'लक्ष्य ३० मिनिटं' म्हणत बसेल आणि अँटेना मर्यादेवर अडून राहील. एकूण १५० मिनिटं. तेरा मिनिटं जास्त मिळाली, म्हणून ही वाट बरी दिसते.

पण त्या पहिल्या बारा मिनिटांकडे परत बघा. त्यांच्या आधीचा कॅलिब्रेटर ७:४२ चा, नंतरचा ८:५० चा. नेहमी पस्तीसेक मिनिटांचं असणारं अंतर आता ६८ मिनिटांचं झालं. कमी फ्रिक्वेन्सीला आयनोस्फियर तेवढ्या वेळात बरंच बदलतं, मधला अंदाज डळमळतो. शिवाय शेवटच्या दोन-तीन मिनिटांत वारा वाढत असताना तबकडी थरथरत असणार. आणि मधे कॉरिलेटर पुन्हा सुरू करावा लागला असता, तर फेजमध्ये उडी बसून नंतरच्या कॅलिब्रेटरचा या तुकड्याला उपयोगच उरला नसता. म्हणजे दुसऱ्या वाटेत खात्रीची मिनिटं १३८.

तिसरी वाट: ती बारा मिनिटं 'झाली' असं मोजायचंच नाही. डेटा पुसायचा नाही, तो राहू दे. पण पायरी सुरुवातीला न्यायची. ८:५० फेज कॅलिब्रेटर, ८:५८ ते ९:२८ लक्ष्य पूर्ण अर्धा तास. पुढची फेरी १०:०८ ला संपते. त्यापुढच्या फेरीत लक्ष्य १०:१८ ते १०:४७, म्हणजे २९ मिनिटं. खात्रीची एकूण १४९ मिनिटं, वर संशयातली बारा. शेवटचा फ्लक्स कॅलिब्रेटर ११ च्या आत जेमतेम बसतो. मी हीच वाट धरली असती. एक उणीव सांगायला हवी: शेवटची वीसेक मिनिटं लक्ष्य फार खाली आहे, तिथे वातावरणाचा रस्ता लांब आणि जमिनीचा गोंगाट जास्त. त्या मिनिटांना थोडं कमी वजन द्यावं लागेल.

पायरी मागे नेऊन जास्त मिळालं, हे विचित्र वाटतं ना? कारण असं की दुसऱ्या वाटेत शेवटची अकरा मिनिटं एका अशक्य फेरीच्या तयारीत गेली, आणि तिसऱ्या वाटेत ती कामी आली. आकडे वेगळे असते तर निकाल उलटा लागला असता. लक्ष्याच्या सव्विसाव्या मिनिटाला होल्ड झाला असता, तर मी अर्धा तास पुन्हा केला नसता. चार मिनिटं सोडून दिली असती आणि पुढच्या फेरीला लागलो असतो.

अवकाश प्रक्षेपणवाल्यांनी हा दोन घड्याळांचा गोंधळ फार आधी ओळखला. त्यांच्या उलट्या मोजणीत एक घड्याळ पायऱ्यांचं असतं, ते होल्डमध्ये थांबतं. दुसरं खऱ्या वेळेचं, ते थांबत नाही. आणि मोजणीत मुद्दाम ठरवलेले थांबे पेरलेले असतात, म्हणजे आधीचा उशीर तिथे जिरतो. २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्यात गगनयानच्या टीव्ही-डी१ या चाचणीत स्वयंचलित सिक्वेन्सनेच उड्डाणाला ५ सेकंद उरले असताना होल्ड घेतला. दोष शोधून दूर केला आणि त्याच दिवशी सकाळी १० वाजता उड्डाण झालं. तिथेही पाच सेकंदांच्या पायरीवरून पुढे जाण्याचा प्रश्न नव्हता, कारण होल्डनंतर यंत्रणा पुन्हा तयार करावी लागते. आपली ३२ मिनिटांची शिल्लक ही तसाच पेरलेला थांबा. फक्त ती फाईलमध्ये लिहिलेली नव्हती, ऑपरेटरच्या डोक्यात होती.

जीएमआरटी ४ ऑक्टोबर २००१ रोजी जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी औपचारिकरीत्या खुली झाली, आणि नंतरच्या दशकात तिचं मोठं अद्ययावतीकरण झालं. रिसीव्हर रुंद पट्ट्याचे झाले, डिजिटल यंत्रणा बदलली, नियंत्रणाचं सॉफ्टवेअरही नव्याने बांधलं गेलं. पण होल्डनंतर कुठली वाट धरायची हे कुठलंही सॉफ्टवेअर एकटं ठरवू शकत नाही, कारण त्याला तुमच्या बारा मिनिटांची किंमत माहीत नसते. एकाला मंद आकाशगंगेची प्रतिमा हवी असते, त्याला एकूण मिनिटं महत्त्वाची. दुसरा पल्सारची स्पंदनं मोजत असतो, त्याला न तुटलेला सलग तुकडा हवा आणि त्याची बारा मिनिटं स्वतंत्रपणेही कामाची असू शकतात. तिसऱ्याला एखाद्या भडकलेल्या ताऱ्याची ठरलेल्या घटकेचीच तेजस्विता हवी, त्याच्यासाठी घड्याळाशी इमानदार वाटच बरोबर.

म्हणून निरीक्षणाला बसण्याआधी फाईलच्या वर दोन ओळी लिहून ठेवा, ऑपरेटरलाही दिसतील अशा. होल्ड झाला तर लक्ष्याचा किती मिनिटांपेक्षा छोटा तुकडा मोजायचा नाही. आणि वेळ कमी पडली तर फेऱ्या सोडायच्या की फेऱ्या छोट्या करायच्या. वारा ४० च्या वर गेला की हे ठरवायला कुणाकडे निवांत वेळ नसतो, आणि त्या वेळी फोनवर तुम्ही सापडालच असंही नाही. डेटा हातात आल्यावर लॉगमधला होल्ड शोधा. त्याच्या आधीच्या तुकड्याची फेज नंतरच्या कॅलिब्रेटरशिवाय, फक्त आधीच्या कॅलिब्रेटरवरून एकदा लावून बघा. दोन्ही पद्धतींनी स्रोताची तेजस्विता जवळपास सारखी आली तर बारा मिनिटं ठेवा. एकीत स्रोत फिका आणि पसरट दिसला, तर तो तुकडा फ्लॅग करून बाजूला काढा.